विश्लेषण : काही सेकंदांच्या क्लिपमुळे यूट्यूब चॅनेल का अडकते? क्लेम, स्ट्राइक आणि थांबलेली कमाई

शुक्रवारी पहिला शो पाहायचा, रात्री जागून रिव्ह्यू एडिट करायचा आणि शनिवारी सकाळी अपलोड करायचा. चित्रपटांवर बोलणाऱ्या कितीतरी छोट्या मराठी चॅनेलांचा आठवडा असाच जातो. अशा व्हिडिओचे बहुतेक व्ह्यूज पहिल्या तीन-चार दिवसांतच येतात. नेमक्या त्याच दिवसांत यूट्यूबचा ईमेल येतो : तुमच्या व्हिडिओत कॉपीराइट असलेला मजकूर आढळला आहे.

यानंतर बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. काही जण घाबरून व्हिडिओच डिलीट करतात. काही जण रागाच्या भरात दिसेल ते बटण दाबत जातात आणि साधा क्लेम स्वतःच्या हाताने स्ट्राइकपर्यंत नेतात. मधला मार्ग आहे, पण त्यासाठी आलेला ईमेल नेमका कशाचा आहे हे आधी ओळखावे लागते.

क्लेम आणि स्ट्राइक यात फरक काय?

क्लेम बहुतांश वेळा यंत्र लावते. यूट्यूबकडे ‘कंटेंट आयडी’ नावाची प्रणाली २००७ पासून आहे. चित्रपट कंपन्या, म्युझिक लेबल, वाहिन्या आपल्या मालकीच्या फाइल्स तिथे जमा करतात. प्रणाली प्रत्येक फाइलचा एक प्रकारचा ठसा तयार करते आणि नव्याने अपलोड होणारा प्रत्येक व्हिडिओ त्या ठशांशी ताडून पाहते. इंजिनीअरिंगला सिग्नल प्रोसेसिंग शिकलेल्यांना यात जादू वाटणार नाही. पिच थोडा बदलला, चित्र आरशासारखे उलटे केले, भोवती फ्रेम लावली, तरी सिग्नलचा मूळ आकार बऱ्यापैकी टिकतो. त्यामुळे ‘क्लिप फ्लिप करून टाका, पकडत नाही’ हा सल्ला आज चालला तरी उद्या चालेलच असे नाही. उलट, लपवण्याचा प्रयत्न केल्याचे दिसले की पुढे ‘मी समीक्षेसाठी वापरले’ असे सांगताना आपलीच बाजू कच्ची होते.

जुळणी सापडली की मालकाने आधीच ठरवून ठेवलेली गोष्ट घडते. व्हिडिओ ब्लॉक होतो, किंवा त्यावरच्या जाहिरातींचे पैसे मालकाकडे वळतात, किंवा मालक फक्त व्ह्यूजवर नजर ठेवतो. एका चित्रपटाचे मालक अनेक असू शकतात. दृश्य निर्मात्याचे आणि गाणे म्युझिक कंपनीचे असल्याने एकाच व्हिडिओवर दोन-तीन क्लेम येणे नेहमीचे आहे. क्लेममुळे त्या एका व्हिडिओची कमाई जाते, पण चॅनेलच्या खात्यावर डाग लागत नाही.

स्ट्राइकची गोष्ट वेगळी आहे. तिथे मालकाने व्हिडिओ काढून टाकण्याची कायदेशीर विनंती यूट्यूबकडे केलेली असते. व्हिडिओ हटतो आणि स्ट्राइक थेट चॅनेलवर नोंदवली जाते. ९० दिवसांत अशा तीन स्ट्राइक झाल्या, तर चॅनेल बंद होऊ शकते. त्यासोबत जोडलेली इतर चॅनेलही जातात. पार्टनर प्रोग्रॅममधल्या चॅनेलला त्याआधी सात दिवसांची सवलत मिळते, पण ती वाद मिटवण्यासाठी असते, नवे व्हिडिओ टाकण्यासाठी नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘रियूज्ड कंटेंट’. तिचा कॉपीराइटशी थेट संबंधच नाही. तरीही छोट्या चॅनेलांची कमाई बंद होण्याचे ते एक मोठे कारण आहे. त्याकडे शेवटी वळू.

‘सात सेकंद चालतात’ हे खरे आहे का?

नाही. कोणी सात सांगतो, कोणी दहा, कोणी तीस. भारताच्या कॉपीराइट कायद्यात असा सेकंदांचा आकडा कुठेही नाही आणि यूट्यूबच्या नियमांतही नाही. कंटेंट आयडी काही सेकंदांच्या तुकड्यावरही क्लेम लावू शकते. डिस्क्रिप्शनमध्ये ‘सर्व श्रेय मूळ मालकांना’ असे लिहिल्याने परवानगी मिळत नाही. फक्त आपण परवानगी घेतलेली नाही, हे मात्र त्यातून जाहीर होते.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ मध्ये काही अपवाद दिले आहेत. त्यातील पहिला अपवाद व्हिडिओ करणाऱ्यांच्या सर्वाधिक कामाचा आहे. एखाद्या कलाकृतीची समीक्षा किंवा परीक्षण करण्यासाठी, तसेच चालू घडामोडींचे वृत्त देण्यासाठी तिचा ‘न्याय्य वापर’ केला, तर तो कॉपीराइटचा भंग ठरत नाही. ‘न्याय्य’ म्हणजे किती, हे कायदा सांगत नाही. ते न्यायालये प्रकरणागणिक ठरवतात. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सिव्हिक चंद्रन प्रकरणात तीन गोष्टी पाहिल्या. तुमच्या टीकेच्या तुलनेत मूळ कृतीतला किती आणि किती मोलाचा भाग घेतला? तो कशासाठी घेतला? आणि तुमची कृती मूळ कृतीशी स्पर्धा करण्याची शक्यता आहे का? ते प्रकरण नाटकाचे होते, पण हे तीन प्रश्न आजही एडिटिंगच्या टेबलावर तसेच्या तसे उपयोगी पडतात.

अगदी किरकोळ वापराचाही विचार होतो. इंडिया टीव्ही विरुद्ध यशराज फिल्म्स या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये वापर इतका क्षुल्लक आहे का की कायद्याने त्यात पडूच नये, या अंगाने निकाल दिला होता. पण तेही प्रकरण न्यायालयात लढून सुटले होते. छोट्या चॅनेलने ‘काही सेकंदांना सूट मिळाली’ एवढेच त्यातून उचलू नये.

रिअॅक्शन व्हिडिओंबाबतचा गाजलेला निकाल अमेरिकेतला आहे. यूट्यूबची कॉपीराइटची यंत्रणा तिथल्याच कायद्यावर बेतलेली असल्याने तो इथेही माहीत असलेला बरा. हुसेनजादेह विरुद्ध क्लाइन हा तो खटला. पाच मिनिटे २४ सेकंदांच्या मूळ व्हिडिओपैकी तीन मिनिटे १५ सेकंद, म्हणजे निम्म्याहून जास्त भाग, क्लाइन दाम्पत्याने आपल्या जवळपास १४ मिनिटांच्या व्हिडिओत वापरला होता. तरीही २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने तो न्याय्य वापर मानला. कारण क्लिप सतत थांबवून, तुकड्यातुकड्यावर ते दोघे बोलत होते. त्याच निकालात न्यायाधीशांनी एक इशाराही दिला. सगळे रिअॅक्शन व्हिडिओ या संरक्षणात बसत नाहीत. काही व्हिडिओ म्हणजे भाष्य न करता एकत्र बसून पाहण्याचाच प्रकार असतो.

म्हणजे सेकंद मोजण्यापेक्षा एक साधा प्रश्न उपयोगी आहे. तुमचा व्हिडिओ पाहिल्यावर मूळ व्हिडिओ पाहण्याची गरज उरते का?

एक रिव्ह्यू एडिट करून पाहू

समजा, सांगलीतल्या एका तरुणाचे चित्रपट परीक्षणाचे चॅनेल आहे. त्याचा रिव्ह्यू ११ मिनिटांचा आहे. सुरुवातीला ३५ सेकंद चित्रपटातले गाणे वाजते आणि त्यावर तो स्वतःच्या आवाजात चित्रपटाची ओळख करून देतो. पुढे ४ मिनिटे १० सेकंदांपासून १८ सेकंद ट्रेलरमधला एक प्रसंग आहे. त्यावर तो कॅमेऱ्याची मांडणी कुठे फसली ते सांगतो. शेवटच्या दीड मिनिटात तो कथेबद्दल बोलतो आणि मागे ट्रेलरचे तुकडे सतत फिरत राहतात.

यातला प्रसंगाचा १८ सेकंदांचा भाग सर्वांत भक्कम आहे. तो काढला तर मुद्दा कळणार नाही, कारण टीका त्याच फ्रेमवर आहे. तो आणखी भक्कम करता येतो. सलग १८ सेकंद चालवण्याऐवजी सहा सेकंद दाखवायचे, फ्रेम गोठवायची, पडद्यावर बाण काढून बोलायचे, मग पुढचे पाच सेकंद. मूळ आवाजाची गरज नसेल तर तो बंद ठेवायचा. संवादफेकीवर बोलायचे असेल, तरच संवाद ऐकवायचा.

गाण्याचे ३५ सेकंद सर्वांत कच्चे आहेत. तो गाण्याबद्दल बोलतच नाही, गाणे फक्त वातावरणासाठी आहे. समीक्षेचा अपवाद इथे लागू करणे अवघड. तिथे यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतले किंवा रीतसर परवाना घेतलेले संगीत लावावे. शेवटच्या दीड मिनिटातले फिरते तुकडेही असेच सजावटीचे. तिथे कॅमेऱ्यासमोर स्वतः बोलले, तरी पुरते.

क्रम मात्र उलटा नको. आधी क्लिपा जमवायच्या आणि मग त्यांवर बोलायचे, असे केले की व्हिडिओ क्लिपांचा होतो. आधी बोलणे लिहून काढायचे. मग ‘इथे पुरावा दाखवल्याशिवाय पटणार नाही’ अशा जागीच क्लिप ठेवायची. याच वेळी एका शीटमध्ये प्रत्येक क्लिपसाठी एक ओळ लिहावी : कोणत्या मिनिटाला, कुठून घेतली, त्यावर कोणता मुद्दा मांडला. एडिटिंगच्या रात्री हे कंटाळवाणे वाटते, पण क्लेम आला की हीच शीट कामाला येते.

अपलोड करताना व्हिडिओ लगेच पब्लिक करू नका. यूट्यूब स्टुडिओमध्ये अपलोडच्या दरम्यान Checks ही पायरी येते. तिथे कंटेंट आयडीची तपासणी व्हिडिओ प्रकाशित होण्याआधीच होते. व्हिडिओ प्रायव्हेट ठेवून ती पूर्ण होऊ द्या आणि काही सापडले तर तिथेच दुरुस्त करा. तपासणी स्वच्छ निघाली म्हणजे आयुष्यभराची हमी मिळाली असे नाही. मालकाने आपली फाइल नंतर जमा केली, तर जुन्या व्हिडिओवरही क्लेम येतो. आणि एखाद्या माणसाने स्वतः व्हिडिओ पाहून केलेली तक्रार या तपासणीत आधी कळण्याचा प्रश्नच नाही.

शॉर्ट्स बनवणाऱ्यांनी एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी. एक मिनिटापेक्षा मोठ्या शॉर्टवर कंटेंट आयडीचा क्लेम आला, तर पैसे मालकाकडे वळत नाहीत. तो शॉर्टच ब्लॉक होतो.

क्लेम आला, आता दिवस मोजा

आपल्या सांगलीकराने घाई केली आणि मूळ व्हिडिओच टाकला, असे धरू. स्टुडिओच्या यादीत Restrictions या रकान्यात कॉपीराइटची नोंद दिसली. दोन क्लेम आहेत. गाण्यावर म्युझिक कंपनीचा आणि १८ सेकंदांच्या प्रसंगावर निर्मात्याचा. दोघांनीही कमाई आपल्याकडे वळवली आहे.

दोन्ही क्लेमना एकच उत्तर द्यायचे नाही.

गाण्याच्या क्लेमवर वाद घालण्यात अर्थ नाही, कारण तिथे त्याची बाजू खरोखर कच्ची आहे. स्टुडिओतच तो भाग कापता येतो, गाणे बदलता येते किंवा आवाज बंद करता येतो. पण गाण्यावर त्याचे स्वतःचे निवेदन आहे. पूर्ण आवाज बंद केला, तर निवेदनही जाईल. यासाठी फक्त गाणे पुसून बोलणे ठेवण्याचा पर्याय स्टुडिओत आहे. तो दर वेळी नीट काम करतोच असे नाही, म्हणून बदल साठवण्याआधी ऐकून घ्यावे. बदल पूर्ण झाला, की क्लेम आपोआप सुटतो. व्हिडिओची लिंक, व्ह्यूज, कमेंट तसेच राहतात. डिलीट करून पुन्हा अपलोड करण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

प्रसंगाच्या क्लेमवर मात्र त्याने Dispute करावे. इथे पहिले पाच दिवस महत्त्वाचे आहेत. क्लेम आल्यापासून पाच दिवसांच्या आत वाद दाखल केला, तर पहिल्या दिवसापासूनची कमाई यूट्यूब बाजूला राखून ठेवते. शेवटी ज्याचा दावा टिकेल त्याला ती मिळते. पाच दिवसांनंतर दाखल केला, तर वाद दाखल केल्याच्या दिवसापासूनचीच रक्कम राखली जाते, आधीचे दिवस हातचे जातात. रिव्ह्यूचे बहुतेक व्ह्यूज पहिल्याच आठवड्यात येत असतील, तर ‘रविवारी निवांत बघू’ हे महागात पडते.

वादाच्या अर्जात ‘हा फेअर यूज आहे, कृपया क्लेम काढा’ एवढेच लिहिणारे बरेच असतात. त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. शीट इथे उघडावी आणि नेमके लिहावे : ‘४:१० ते ४:२८ या भागातील दृश्यावर मी ४:१२ पासून कॅमेऱ्याच्या जागेबद्दल टीका करतो. ११ मिनिटांच्या परीक्षणात हा भाग १८ सेकंदांचा आहे. त्यातून चित्रपटाची कथा उलगडत नाही आणि मूळ ट्रेलरची जागाही हा भाग घेत नाही. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधील समीक्षा व परीक्षणाच्या तरतुदीनुसार हा वापर केला आहे.’ इतके पुरे. भावनिक होण्याची आणि मालकाला उपदेश करण्याची गरज नाही.

आता चेंडू मालकाकडे. त्याला ३० दिवस मिळतात. या काळात त्याने काहीच केले नाही, तर क्लेम सुटतो. त्याने वाद फेटाळला, तर तुम्हाला अपील करता येते आणि अपिलाला उत्तर देण्यासाठी मालकाकडे सात दिवस असतात. व्हिडिओ ब्लॉकच झाला असेल, तर पहिली पायरी गाळून थेट अपील करण्याचीही सोय आहे.

अपील करण्याआधी मात्र थांबा. वाद फेटाळला गेला तर तुम्ही जिथे होता तिथेच राहता. व्हिडिओची कमाई जाते, चॅनेल शाबूत राहते. अपील फेटाळायचे असेल तर मालकापुढे व्हिडिओ हटवण्याची विनंती करण्याचा मार्ग असतो आणि ती मान्य झाली की स्ट्राइक लागते. काही वेळा मालक सात दिवसांनी हटवण्याची वेळ लावतो. त्या सात दिवसांत अपील मागे घेतले, तर स्ट्राइक टळते. म्हणून ज्या क्लिपवरची टीका आपण शब्दाशब्दाने दाखवू शकतो, तिच्यासाठीच अपील करावे. गाण्याच्या त्या ३५ सेकंदांसाठी नाही. चॅनेलवर आधीच दोन स्ट्राइक असतील, तर आपली बाजू बरोबर असूनही एका व्हिडिओसाठी ही जोखीम घ्यायची का, हे शांतपणे ठरवावे. माझे मत विचाराल तर, अशा वेळी १८ सेकंद कापून मोकळे व्हावे.

स्ट्राइक लागलीच तर?

पहिली गोष्ट : व्हिडिओ डिलीट करून स्ट्राइक जात नाही. तीन मार्ग आहेत. यूट्यूबचा ‘कॉपीराइट स्कूल’ नावाचा छोटा अभ्यासक्रम पूर्ण करून ९० दिवस थांबायचे, स्ट्राइक संपते. किंवा मालकाशी संपर्क साधून तक्रार मागे घ्यायला सांगायचे. तिसरा मार्ग प्रतिसूचनेचा, ज्याला काउंटर नोटिफिकेशन म्हणतात.

प्रतिसूचना म्हणजे क्लेमच्या वादाची पुढची आवृत्ती नव्हे. तो कायदेशीर दस्तऐवज आहे. त्यात तुमचे पूर्ण नाव आणि पत्ता द्यावा लागतो आणि तो तक्रारदाराकडे जातो. भारतात राहणाऱ्या माणसाला त्यात असेही मान्य करावे लागते, की यूट्यूब ज्या भागात आहे तिथल्या अमेरिकी न्यायालयाचे अधिकारक्षेत्र आपल्याला मंजूर आहे. त्यानंतर तक्रारदाराला कामकाजाचे १० दिवस मिळतात. तेवढ्यात त्याने न्यायालयात गेल्याचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ परत येतो आणि स्ट्राइक जाते. बऱ्याच तक्रारी इथे थांबतात, पण समोरचा खरोखर न्यायालयात जाऊ शकतो, हे गृहीत धरूनच सही करावी. शक्य असेल तर त्याआधी वकिलाला दाखवावे.

तक्रार मागे घेण्याच्या बोलण्यांत पैशांचा विषय निघतो, तेव्हा काय होते याची चर्चा मे २०२५ मध्ये देशभर झाली. यूट्यूबर मोहक मंगल यांनी एका व्हिडिओत आरोप केला, की एएनआय या वृत्तसंस्थेने काही सेकंदांच्या क्लिपांवरून आपल्या चॅनेलवर स्ट्राइक आणल्या आणि त्या मागे घेण्यासाठी ४५ ते ५० लाख रुपयांची मागणी झाली. एएनआयने त्यांच्यावर दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीचा दावा ठोकला. आपण आपल्या मजकुराच्या हक्कांचे कायदेशीर रक्षण करत आहोत, अशी संस्थेची भूमिका होती. कोण बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. बातम्यांवर भाष्य करणाऱ्यांनी यातून एवढेच टिपावे, की वृत्तसंस्थांची दृश्ये हा त्यांचा विक्रीचा माल असतो. एखादी घटना समजावण्यासाठी दृश्याऐवजी नकाशा, सरकारी कागद किंवा स्वतःचे रेखाटन चालत असेल, तर तेच वापरावे.

कंपायलेशन व्हिडिओंचे काय?

‘टॉप टेन कॉमेडी सीन’, ‘व्हायरल लग्न व्हिडिओ’, ‘बिबट्याचे थरारक क्षण’ अशा संकलनांची अडचण वेगळी आहे. त्यात समीक्षा नसतेच, त्यामुळे समीक्षेच्या अपवादाचा आधार मिळत नाही. उरतो तो परवानगीचा मार्ग आणि ती प्रत्येक क्लिपची वेगळी लागते.

इन्स्टाग्रामवर ‘वापरू का?’ विचारले आणि समोरून अंगठा आला, याला परवानगी समजू नका. ज्याला विचारले त्याने ती क्लिप स्वतः काढली होती का, हा पहिला प्रश्न. बहुतेक व्हायरल क्लिप दहाव्या हातातून आपल्यापर्यंत येतात. क्लिप गाजली की मूळ माणूस ती परवाने विकणाऱ्या एजन्सीला देऊनही टाकतो आणि मग क्लेम त्या एजन्सीकडून येतो. परवानगी लेखी घ्यावी. त्यात क्लिप मी स्वतः चित्रित केली आहे, यूट्यूबवर जाहिरातींसह व्यावसायिक वापराला माझी हरकत नाही आणि हे हक्क मी इतर कुणाला दिलेले नाहीत, या तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात. क्लिपच्या मागे एखादे चित्रपटगीत वाजत असेल, तर त्या गाण्याची परवानगी क्लिप काढणारा देऊ शकत नाही. आवाज काढूनच क्लिप वापरावी.

आणि हे सगळे करूनही कमाई बंद पडू शकते. इथे ‘रियूज्ड कंटेंट’ येतो.

पार्टनर प्रोग्रॅमसाठी अर्ज केला की यूट्यूबचे परीक्षक चॅनेल पाहतात आणि नंतरही कधीही पुन्हा पाहू शकतात. कॉपीराइटचा वाद एका व्हिडिओपुरता असतो, हा निर्णय मात्र सगळ्या चॅनेलचा असतो. परवानगी आहे, एकही क्लेम नाही, एकही स्ट्राइक नाही, तरीही ‘या चॅनेलवर तुमचे स्वतःचे काय आहे?’ या प्रश्नाला उत्तर नसेल, तर कमाई बंद. मालिकेतले प्रसंग फारसे निवेदन न करता एकापुढे एक लावणे, इतर समाजमाध्यमांवरचे छोटे व्हिडिओ जोडणे, परवानगी घेऊन का होईना पण वेगवेगळ्या कलाकारांची गाणी एकत्र करणे, हे यूट्यूबने नाकारलेल्या प्रकारांत स्पष्टपणे येते. समीक्षेसाठी वापरलेल्या क्लिपा, भाष्य असलेला रिअॅक्शन व्हिडिओ, प्रसंगातले संवाद नव्याने लिहून स्वतःच्या आवाजात केलेले डबिंग, हे चालते. वऱ्हाडी किंवा मालवणीत डबिंग करणाऱ्या चॅनेलांना या नियमात जागा आहे, पण तिथेही मूळ दृश्यावर क्लेम येऊ शकतो. या नियमात बसलात म्हणून कॉपीराइटमधून सुटलात असे होत नाही, आणि उलटही नाही.

परीक्षक सगळे व्हिडिओ पाहत नाहीत. चॅनेलचा मुख्य विषय, सर्वाधिक पाहिले गेलेले, सर्वांत नवे आणि सर्वाधिक वॉच टाइम मिळवणारे व्हिडिओ, शीर्षके, थंबनेल, डिस्क्रिप्शन आणि चॅनेलची माहिती, एवढ्यावर भर असतो. नेहमी घडणारी अडचण अशी : चॅनेलने सुरुवातीला विनोदी प्रसंगांची संकलने टाकलेली असतात, त्यांना लाखांत व्ह्यूज असतात. नंतर मालक प्रामाणिकपणे स्वतःची परीक्षणे करू लागतो, त्यांना काही हजार मिळतात. परीक्षकाला आकडे दिसतात ते जुन्या संकलनांचे. ती काढून टाकायला जीव होत नाही, कारण वॉच टाइम त्यांनीच आणलेला असतो. आणि तो वॉच टाइम धरून ठेवण्यासाठी ती ठेवली, तर अर्ज त्यांच्यामुळेच अडतो. मग ती काढावीत आणि चार हजार तासांचा हिशेब पुन्हा मांडावा, हेच शहाणपणाचे.

अर्ज नाकारला गेला, तर २१ दिवसांच्या आत अपील करता येते. अपील न करता चॅनेल सुधारायचे असेल, तर पहिल्या नकारानंतर ३० दिवसांनी आणि त्यापुढच्या नकारांनंतर ९० दिवसांनी पुन्हा अर्ज करता येतो. अपिलासाठी पाच मिनिटांहून छोटा नवा व्हिडिओ करून तो अनलिस्टेड ठेवायचा असतो आणि पहिल्या ३० सेकंदांत आपल्या चॅनेलची लिंक सांगायची असते. यात चॅनेलसाठी किती कष्ट घेतले हे सांगण्यात वेळ घालवू नका. एखादा व्हिडिओ कसा तयार झाला तेच दाखवा : लिहिलेली संहिता, एडिटिंगची टाइमलाइन, तिच्यावर तुमच्या आवाजाचा पट्टा कुठून कुठपर्यंत आहे आणि क्लिपांचे तुकडे किती छोटे आहेत. क्लिपांची ती शीट ठेवली असेल, तर तीही स्क्रीनवर उघडून दाखवा.